फ्लॅटचे पैसे कुठून आले?

«म्हापशात ६० लाखांचा फ्लॅट घेतला. ४५ लाख कर्ज, १० लाख बाबांनी दिले, बाकी बचत. आता आयकर खात्याची कलम ६९ खाली, म्हणजे गुंतवणुकीच्या पैशांचा उगम विचारणारी, नोटीस आलीय. कर्जाचं मंजुरीपत्र जोडलं तर पुरे ना?»

नाही पुरत. मंजुरीपत्र म्हणजे बँकेचा होकार, पैसे दिल्याचा पुरावा नव्हे. कर्जखात्याचा उतारा काढा. बिल्डरला कोणत्या तारखेला किती हप्ता गेला ते त्यात दिसतं. त्या तारखा बिल्डरच्या पावत्यांशी आणि करारातल्या रकमांशी जुळवून एकच तक्ता करा: तारीख, रक्कम, कुठून आली. बचतीचे ५ लाखही त्यातच, तुमच्या बँक उताऱ्यासह.

बाबांकडून आलेल्या भेटीवर कर नाही, पण अधिकारी विचारणार, त्यांच्याकडे ते आले कुठून? त्यांचं पॅन, सही केलेलं भेटपत्र आणि खात्याचा उतारा द्या. मुदतठेव मोडून दिले असतील तर ती नोंद सोन्यासारखी. उलट, तुम्हाला पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खात्यात रोख भरलेली दिसली, तर खरी अडचण तिथेच. मग त्या रोखीचा उगम, म्हणजे काजू-नारळाच्या विक्रीची बिलं, जुने पैसे काढल्याच्या नोंदी, आधी शोधा.

आणि नोटिशीतली उत्तराची मुदत पाहिलीत ना? कागद कमी पडत असतील तर ती संपण्याआधीच पोर्टलवर मुदतवाढ मागा.