प्रतिसाद: ओव्हनमधलं चिवट मटण

>> लॅम्ब शँक १८० वर दोन तास झाकून ठेवले, तरी चिवट आणि वर कोरडे. अजून ठेवले तर आणखी वाळतील ना?

नाही वाळणार, उलट अजून ठेवायलाच हवे होते. शँक म्हणजे पायाचा भाग, त्यात कोलॅजन भरपूर, ते विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो आणि तोवर मांस आकसून पाणी सोडतं, म्हणून मधल्या टप्प्यावर ते चिवट आणि कोरडं दोन्ही लागतं. बरेच जण नेमके तिथेच हात टेकतात.

तापमान मात्र १५० वर आणा. आधी शँक सगळ्या बाजूंनी लालसर परतून घ्या, मग कांदा-टोमॅटो आणि स्टॉक घालून गॅसवरच एक उकळी आणा, नाहीतर जड भांडं तापण्यातच ओव्हनचा बराच वेळ जातो. रस्सा मांसाच्या अर्ध्या उंचीपर्यंत पुरे. झाकण सैल असेल तर खाली फॉइल लावा, तुमचं वरून कोरडं पडलं ते बहुतेक वाफ निघून गेल्यामुळेच. तासाभराने झाकण उघडून बघा, अधूनमधून एखादा बुडबुडा यायला हवा, खळखळत असेल तर १३५ करा आणि शँक उलटे करून ठेवा.

साधारण तीन तास लागतात पण घड्याळापेक्षा काटा खुपसून फिरवून बघा, मांस हाडापासून सहज सुटलं की झालं.