शब्दचर्चा: ‘कोड ओनर’ला मालक म्हणावं का?

लातूरकर:
आडत दुकानांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर चालवतो. भाव, शेतकऱ्याची पट्टी, मोबाइलवर जाणारे मेसेज असं सगळं एकाच रेपोत आहे, फोल्डर तेवढे वेगळे. नव्या पोरांसाठी मराठीत माहिती लिहायला घेतली आणि CODEOWNERS फाइलमधल्या ओनरला सरळ ‘मालक’ लिहून टाकलं. आता पट्टीच्या फोल्डरात साधं शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तरी पोरं हात लावेनात. कामून रे, विचारलं तर म्हणतात, ते दुसऱ्यांच्या मालकीचं आहे. ‘राखणदार’, ‘जबाबदार’ असे शब्द सुचतायत, पण एकही पटत नाही. तुम्ही काय म्हणता?

परभणीचे अनुवादक:
यात चर्चेला जागाच नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसेल तर, 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरी देणाऱ्याची. पोरांना मालक म्हणणं कायद्याने चूक. ‘लेखक’ म्हणा.

संभाजीनगर, बॅकएंड:
काका, ही हक्काची फाइल नाही. कोणत्या फोल्डरात बदल आला की तपासायला कुणाला बोलवायचं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आणि लेखक तर मुळीच नाही. कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, इथे आज जो बघू शकतो त्याचं नाव लागतं.

नांदेडचा पोरगा:
मालकच बरोबर आहे की. फाइलीत नाव टाकलं की त्या माणसाच्या होकाराशिवाय मर्ज होतच नाही. एवढा अधिकार ज्याला, तो मालक नाही तर कोण?

संभाजीनगर, बॅकएंड:
अर्धं बरोबर. नुसत्या फाइलीने गिटहब त्या माणसाला रिव्ह्यूसाठी आपोआप बोलावतं, अडवत नाही. अडवायचं असेल तर ब्रँचच्या नियमांत `Require review from Code Owners` वेगळं चालू करावं लागतं. ते बंद असेल तर ओनरने बघितलं नाही तरी मर्ज होऊन जातं. तुमच्याकडे ते कुणीतरी आधीच चालू करून ठेवलं असणार, म्हणून तुला तो फाइलीचाच गुण वाटतो.

लातूरकर, तुमची फाइल टाका ना. शब्द कुठे अडतोय ते उदाहरणातून लवकर दिसेल.

लातूरकर:
गटांची नावं बदलून टाकतो:

```
*         @org/core
/bhav/    @org/bhav
/patti/   @org/patti
*.sql     @org/db
```

आणि खरं दुखणं आता सांगतो. मागच्या हंगामात `/patti/migrations/` मधल्या एका `.sql` फाइलीत तोलाईची रक्कम पूर्ण रुपयात करणारा बदल आला. डेटाबेसच्या गटाने पाहिला, होकार दिला, मर्ज झाला. पट्टीच्या गटाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी आडत्यांचे फोन सुरू, पट्टीत पैसे जुळत नाहीत म्हणून. पट्टीवाले म्हणाले, फोल्डर आमचं, मग आम्हाला विचारलं कामून नाही?

नांदेडचा पोरगा:
पट्टीची ओळ वर आहे, आधी तीच लागायला पाहिजे होती. गिटहबचा घोळ दिसतोय.

संभाजीनगर, बॅकएंड:
घोळ नाही, नियमच तसा आहे. जुळणाऱ्या ओळींपैकी सगळ्यात शेवटची लागू होते, आणि एकटी लागू होते. वरच्या ओळींतले ओनर तिच्यात मिसळत नाहीत. ती फाइल `*` ला जुळली, `/patti/` ला जुळली आणि शेवटी `*.sql` ला जुळली. म्हणून एकटा db गट आला. लोक प्रत्येक ओळ म्हणजे आणखी एक माणूस जोडला असं धरून चालतात आणि इथेच फसतात.

म्हणून साधारण नियम वर ठेवायचे, खास नियम खाली:

```
*                 @org/core
*.sql             @org/db
/bhav/            @org/bhav
/patti/           @org/patti
/patti/**/*.sql   @org/patti @org/db
```

एक बघून घ्या, आता `/bhav/` मधल्या `.sql` फाइली एकट्या भाव गटाकडे जातील, db गटाला बोलावणं जाणार नाही. तिथेही दोघं हवे असतील तर तशीच आणखी एक ओळ लागेल.

कोणत्या फाइलीला कोण लागलं ते पुल रिक्वेस्टमध्येच दिसतं. बदललेल्या फाइलीच्या नावाजवळ ढालीचं छोटं चिन्ह असतं, त्यावर माउस नेला की ओनरचं नाव येतं. तोलाईचा बदल मर्ज करण्याआधी तिथे कुणी नजर टाकली असती तर db एकटाच दिसला असता.

नांदेडचा पोरगा:
म्हणजे शेवटच्या ओळीत दोघांची नावं आहेत, आता दोघांचाही होकार लागणार. झालं काम.

संभाजीनगर, बॅकएंड:
बोलावणं दोघांना जातं, होकार कुणा एकाचा पुरतो. db ने आधी होकार दिला तर पट्टीवाल्यांनी उघडूनही न बघता ओनरची अट पूर्ण होते. गिटहबच्या या फाइलीत ‘दोघंही हवेत’ असं लिहिण्याची सोयच नाही. गिटलॅबच्या पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत याच फाइलीचे विभाग पाडता येतात आणि प्रत्येक विभागाचा होकार वेगळा धरला जातो, तिथे जमतं. तुम्ही गिटहबवर असाल तर पट्टीच्या `.sql` साठी मी एकटा पट्टी गट ठेवीन आणि db ला हाताने बोलवीन. हे माझं मत. db वाल्यांना विचाराल तर ते उलटं सांगतील.

बीडहून, टेस्टिंग:
माझं वेगळंच आहे, पण इथेच विचारते. आम्ही फाइलीत आमच्या गटाचं नाव लिहिलं, स्पेलिंग तीनतीनदा तपासलं, तरी बोलावणं येत नाही. गटातल्या सगळ्यांना रेपोत लिहिण्याची परवानगी आहे.

संभाजीनगर, बॅकएंड:
माणसांना आहे, गटाला आहे का? गट म्हणून वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि गट लपवलेला नसावा. तसं नसेल तर गिटहब कुणालाच नेमत नाही, आणि पुल रिक्वेस्टमध्ये ओरडतही नाही. गिटहबवर ती CODEOWNERS फाइल उघडून बघा, चूक असेल तर तिथे दाखवतं.

पुल रिक्वेस्ट ड्राफ्ट असेल तोवरही बोलावणं जात नाही, तेही एकदा बघा.

बीडहून, टेस्टिंग:
हौ, गटाला परवानगीच नव्हती. ती दिली. पण फाइलीतही एक ओळ बदलली होती, ती अजून लागू झालेली दिसत नाही. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये केली आहे.

संभाजीनगर, बॅकएंड:
ज्या ब्रँचमध्ये मर्ज करायचंय तिथली फाइल वाचली जाते. तुमची दुरुस्ती पुढच्या पुल रिक्वेस्टपासून दिसेल. आणि हो, त्या CODEOWNERS फाइलीलाही एक ओनर लावून ठेवा, नाहीतर कुणीही येऊन स्वतःचं नाव लिहील.

परभणीचे अनुवादक:
आता ध्यानात आलं. सातबाऱ्यात सातवर मालकी आणि बारावर पीकपाहणी असते. तुमचा ओनर बारावरचा दिसतो. मग ‘कसणारा’ म्हणा.

संभाजीनगर, बॅकएंड:
जवळ आलात, पण कसणारा कुणीही असू शकतो. नांदेडच्या पोराने पट्टीत बदल केला तर कसला त्याने, बघायचं पट्टीवाल्यांनी. उलट ओनर स्वतः बदल करतो तेव्हा तो स्वतःलाच होकार देऊ शकत नाही. फोल्डरला एकच ओनर असेल आणि अडवणारा नियम चालू असेल तर त्याचंच काम अडकून पडतं. मालक आपल्याच वावरात अडकला असं कधी ऐकलंय? माझं मत ‘पाहणीदार’.

नांदेडचा पोरगा:
पाहणीदार म्हटलं तर पोरं नुसतं पाहतील, होकार देणार नाहीत. मालकच राहू द्या बगा.

लातूरकर:
‘मालक’ काढतोय, एवढं नक्की. तूर्त ‘कोड ओनर’ ठेवून खाली लिहितो: “बदल कुणीही करावा, तपासायला यांना बोलावणं जाईल.” ओळींचा क्रम आज बदलला. दोघांच्या होकाराचं db वाल्यांशी सोमवारी बोलणार आहे. पण पहिल्या ओळीतला `*` समोरचा core गट, ज्याच्याकडे दुसऱ्या कुठल्याच ओळीत न बसलेलं सगळं येतं, त्याला पाहणीदार तरी कसं म्हणू? ते तर म्हणतात, आमच्या माथी मारलं जातं.