मदत हवी आहे: 'नोकरी का सोडताय?' याचं उत्तर साहेबांना मध्ये न आणता कसं द्यावं?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी इंजिनियर आहे. ग्राहकाकडून तक्रार आली की त्यांच्या लाइनवर जायचं, माल सॉर्ट करून द्यायचा, परत येऊन एट-डी रिपोर्ट भरायचा. खरं कारण शोधायला वेळ मिळत नाही. साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, रविवारीही फोन चालू. आता रांजणगावला सप्लायर क्वालिटीसाठी मुलाखत आहे. 'ग्रोथ नाही' म्हणावं असं वाटतं, पण 'ग्रोथ म्हणजे काय?' असं विचारलं की गाडी साहेबांवरच येणार. काय सांगू?

दादा_सातारकर
सरळ पगार सांगा. खोटंही नाही आणि कुणाची निंदाही नाही. नाहीतर घर लांब पडतं म्हणा.

भोसरीकर
दादा, चाकण मला जवळ आहे हो, रांजणगावच लांब पडेल :)

मेधा_का
पगार हे कारण चालतं, पण एकटं नको. पुढचा प्रश्न हमखास येतो, 'त्यांनी तेवढाच दिला तर थांबाल?' त्यावर अडखळलात की समोरच्याला कळतं, खरं कारण दुसरंच आहे. मी प्लांटमध्ये एचआर बघते, हे रोज ऐकते.
मला एक सांगा, सप्लायरकडे जाऊन एखादी अडचण मुळातून सोडवलीय का?

भोसरीकर
एकदा, हो. एका ब्रॅकेटचं भोक सरकल्याची तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. सप्लायरकडे जाऊन जिग उघडलं तर ड्रिल बुश झिजलेला. बुश बदलायला लावला आणि किती नगांनंतर बदलायचा ते त्यांच्या चेकशीटवर टाकलं. तक्रार बंद झाली.

मेधा_का
मग उत्तर तुमच्याकडेच आहे. साधारण असं बोला:
"माझं आत्ताचं काम तक्रार आल्यावर सुरू होतं. एकदा ब्रॅकेटच्या तक्रारीसाठी सप्लायरकडे गेलो आणि झिजलेला बुश सापडला. तेव्हापासून तक्रारीच्या आधीचं काम करावंसं वाटतंय. तुमच्याकडे सप्लायर ऑडिट आणि नव्या पार्टचं पीपॅप हेच मुख्य काम आहे, म्हणून अर्ज केला."
एवढंच. यात 'कारण शोधायला वेळ देत नाहीत' हे घालू नका, ती तक्रारच झाली. ग्राहकाचं नावही नको. घरी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाक्यं 'मी' आणि 'काम' यांच्याभोवती आहेत तोवर ठीक, 'ते लोक', 'आमच्याकडे तर' सुरू झालं की थांबा.
पुढचा प्रश्न असेल, 'हे काम तिथेच का नाही मागितलं?' मागितलं होतं का?

भोसरीकर
विचारलं होतं. आमचं सप्लायर क्वालिटी चेन्नईच्या हेड ऑफिसातून चालतं, इथे ती जागाच नाही.

मेधा_का
उत्तम, जसंच्या तसं सांगा. ही कंपनीची रचना झाली, त्यात कुणाचा दोष दिसत नाही. साहेबांबद्दल थेट विचारलं तर एक खरी चांगली गोष्ट सांगून कामावर या. उगाच स्तुती नको, ती लगेच ओळखू येते.
राजीनाम्यात आणि एक्झिट फॉर्मवरही हेच कारण लिहा. बॅकग्राउंड चेकवाले जुन्या एचआरला सोडण्याचं कारण विचारतात. इथे एक आणि तिथे दुसरं निघालं की नको ते प्रश्न येतात.

भोसरीकर
चांगली गोष्ट आहे एक. ग्राहकाच्या लाइनवर चिडलेल्या माणसाशी बोलायचं कसं, ते त्यांच्याकडूनच शिकलो. (ओरडण्यातले तज्ज्ञ आहेत शेवटी!)

निशिगंध
माझं तर नोटीस पिरियडचे 90 दिवस भरूनही रिलिव्हिंग लेटर अडकवलंय. एचआर फोन उचलत नाही. काय करावं?

मेधा_का
निशिगंध, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. तोवर फोन नको, सगळं मेलवर मागा.

जुना_फिटर
मेधाताईंचं पटलं, पण एक खटकतं. रविवारचे फोन हेही खरं कारण आहे ना? ते दाबून ठेवलं आणि रांजणगावलाही तेच निघालं तर?

मेधा_का
कारण म्हणून सांगू नका, प्रश्न म्हणून विचारा. 'सुट्टीच्या दिवशी सप्लायरकडे लाइन थांबली तर कोण जातं, पाळी लावलेली असते का?' उत्तर देताना ते एकमेकांकडे बघू लागले तर समजून जा.

दादा_सातारकर
पहिल्याच भेटीत सुट्टीचं विचारलं तर पोरगा कामचुकार वाटेल. ऑफर हातात पडल्यावर विचारा.

जुना_फिटर
ऑफर हातात आल्यावर कोण नाही म्हणतंय दादा!

भोसरीकर
सगळ्यांचे आभार. ब्रॅकेटचं उत्तर रेकॉर्ड करून ऐकलं, दोनदा 'आमच्याकडे तर' आलंच. रविवारचं अजून ठरत नाहीये. मुलाखत गुरुवारी आहे, झाली की इथेच लिहितो.