मदत हवी आहे: बाबांच्या स्मार्टवॉचचं व्हायब्रेशन जाणवतच नाही, सेटिंग, घाण की मोटर?

धंतोलीची
नमस्कार मंडळी. बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दुपारी झोपताना ते कानाची मशीन काढून ठेवतात, आणि पार्किन्सनची एक गोळी नेमकी चारची असते. ती चुकली की संध्याकाळी हातपाय आखडतात. म्हणून त्यांना एक स्वस्तातलं स्मार्टवॉच घेऊन दिलं होतं. चारला मनगटावर थरथरायचं आणि ते उठायचे. छान चाललं होतं.

उन्हाळा लागल्यापासून बाबा म्हणतात, "आज झालंच नाही." मी स्वतःच्या हातात घालून पाहिलं. कधी अगदी हलकी गुणगुण जाणवते, कधी काहीच नाही. स्क्रीनवर अलार्म मात्र वेळेवर दिसतो. व्हायब्रेशन Strong वर आहे, DND बंद आहे, रिस्टार्टही केलं. वॉरंटी संपली आहे आणि दुकानदार नवीन घ्या म्हणतो. पण बाबांना याच घड्याळाची सवय आहे, नवीन बटणं शिकवणं आता सोपं नाही. नक्की कुठे बिघडलंय हे घरी कसं ओळखायचं?

हिंगणा रोड
ताई, हा फोनचा प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे सेम होऊन राहिलं होतं. फोन बॅटरी वाचवायला वॉचचं अ‍ॅप मागून बंद करून टाकतो, मग नोटिफिकेशन पोचतच नाही. फोनमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी Unrestricted करा. माझं त्यानंतर एकदम ओके आहे.

धंतोलीची
धन्यवाद भाऊ, पण अलार्म घड्याळातच लावला आहे. फोन माझ्याजवळ असतो आणि मी चारला ऑफिसात असते.

जुना सोल्डर
मग फोनचा संबंध नाही. अलार्म स्क्रीनवर येतो म्हणजे घड्याळाला वेळ कळते आहे, फक्त थरथर पोचत नाही. तरी एक बघून घ्या, दुपारच्या वेळेचं Sleep mode कुठे आपोआप चालू होत नाही ना. काही घड्याळांत त्यात व्हायब्रेशन मंद होतं.

ते नसेल तर पट्टा काढा, एक मिनिटाचा टायमर लावा आणि घड्याळ रिकाम्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवा. झाकण आवाज मोठा करतं, त्यामुळे बोटांना न कळणारंही कानाला कळतं. सलग, एकसारखी घुर्र आली तर मोटर ठीक आहे आणि दोष पट्ट्यात किंवा बसण्यात आहे. खडखड आली तर आत काहीतरी सुटलंय. काहीच आलं नाही तर टायमर संपून स्क्रीनवर अलार्म दिसत असतानाच घड्याळाच्या पाठीवर बोटाने टकटक करा आणि एकदम सुरू होते का बघा.

हेच सगळं पूर्ण चार्जवर एकदा आणि वीस टक्क्यांच्या आसपास एकदा करा. बॅटरी म्हातारी झाली की मोटर सुरू होताना तिचा दाब खाली बसतो. तेव्हा कमी चार्जवर थरथर मरते आणि भरलेल्यावर परत येते.

कोराडी कॉलनी
एवढं काही करायची गरज नाही. नागपूरचा उन्हाळा, घाम आणि पावडर, सगळं घड्याळाखाली साचतं. जुन्या टूथब्रशने पाठ घासा, बाजूच्या बारीक छिद्रांत टाचणी फिरवा आणि थोडं स्पिरिट सोडा. मोकळं होईल.

जुना सोल्डर
टूथब्रशपर्यंत पूर्ण सहमत. ओल्या कपड्याने पाठ आणि पट्ट्याची खाच पुसाच. घामाचा थर साचला की घड्याळ कातडीला नीट टेकत नाही. पट्टा सैल असेल तर थरथर हवेतच जाते. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घसरणार नाही इतकं घट्ट बांधून बघा.

पण टाचणी आणि स्पिरिट नको, कृपा करून. ती छिद्रं माइकची किंवा स्पीकरची असतात, मोटरकडे त्यातून रस्ता जात नाही. मागे बहुतेक वेळा पातळ पडदा असतो. तो फाटला की पुढच्या पावसाळ्यात घड्याळ गेलंच समजा.

नाइट ड्युटी
मी नर्स आहे. वय वाढलं की कंपनाची जाणीव कमी होते, शुगर असेल तर आणखी. बाबांना शुगर आहे का?

धंतोलीची
शुगर नाही. आणि मला माझ्याही हातात जाणवलं नाही, त्यामुळे ते एकटंच कारण नसावं. पण हे माहीत नव्हतं, लक्षात ठेवते.

सोल्डर दादा, सगळं करून पाहिलं. Sleep mode बंदच होता. पाठ पुसली, पट्टा घट्ट केला, काही फरक नाही. झाकणावर बहुतेक वेळा शांत. टकटक केली की झटक्यात सुरू होतं आणि मग व्यवस्थित घुरघुरतं! थोड्या वेळाने पुन्हा लावलं की पुन्हा शांत. चार्ज भरलेला असो की उतरलेला, तसंच.

जुना सोल्डर
मग जवळपास नक्की मोटर. स्वस्त घड्याळांत नाण्यासारखी चपटी मोटर असते. आत एका बाजूला जड असं वजन फिरतं आणि त्याला वीज पोचवायला बारीक ब्रश असतात. ब्रश झिजले किंवा त्यावर काजळी बसली की एका ठराविक जागी थांबलेली मोटर उठत नाही. टकटकीने वजन जरा सरकतं, ब्रशला चांगली जागा मिळते आणि ती फिरते. महाग घड्याळांत फिरणारं नाही, स्प्रिंगवर मागे-पुढे डोलणारं वजन असतं. त्यांना हा ब्रशचा रोग होत नाही.

सीताबर्डीला घड्याळ उघडून देणारे आहेत. पण आधीच सांगा की मोटरच्या तारा सोडवून तिला बाहेरून तीन व्होल्ट द्या. तेव्हाही अडखळली तर मोटर बदला. जोरात फिरली तर मोटर चांगली आहे आणि टाका सुटलाय किंवा बोर्डचा दोष आहे. स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली तर चार्जिंग थांबवा, ती फुगलेली बॅटरी असते. आणि एकदा उघडलं की पाण्यापासूनची हमी गेली, हे धरून चला.

धंतोलीची
अपडेट. बर्डीला नेलं. तीन व्होल्टवरही मोटर उठली नाही, टिचकी मारल्यावर फिरली. त्यांनी तेवढ्याच रुंदीची दुसरी टाकली, पण ती जरा पातळ आहे. तीच जाडी त्यांच्याकडे नव्हती. आता प्रत्येक वेळी थरथरतं, आधीपेक्षा मात्र सौम्य. बाबा काल उठले, आज नाही उठले.

कोराडी कॉलनी
जुन्या मोबाइलची मोटर बसवा ना, घरोघरी पडलेल्या असतात.

जुना सोल्डर
चपटी असेल आणि रुंदी-जाडी दोन्ही जुळली तर चालेल. जाड बसवून झाकण दाबून लावलं तर ती घासेल आणि आणखी मंद होईल. पातळ मोटरमध्ये फिरणारं वजनही कमी असतं, म्हणून जोर कमी. काढलेली जुनी मोटर त्यांच्याकडून परत घ्या आणि तिची जाडी मोजायला सांगा.

तोवर अलार्मचा नमुना बदलता येत असेल तर लांब झटक्यांचा निवडा. ही मोटर पूर्ण वेगाला यायला जरा वेळ घेते, आखूड झटके तिच्या आधीच संपतात.

नाइट ड्युटी
आणि चारची गोळी सध्या घड्याळावर सोडू नका. उशीखाली ठेवायचं थरथरणारं अलार्म घड्याळ मिळतं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच बनवलेलं. झोपेत मनगटापेक्षा ते लवकर कळतं.

धंतोलीची
ते आजच मागवते. शेजारच्या काकू तोवर चारला येऊन उठवतील म्हणाल्या आहेत. जुनी मोटर घ्यायला उद्या बर्डीला जाते, माप इथे टाकते. त्या जाडीची मोटर कुणाला शहरात कुठे दिसली तर नक्की सांगा.