एका लपवलेल्या टेस्टवर Time Limit Exceeded: दोष कुणाचा?

घणसोली_लोकल: कोडिंगच्या साइटवर दिलेल्या n आकड्यांतून बेरीज x होणारी जोडी शोधायची होती. दोन लूप, जोडी सापडली की थांबायचं. सगळ्या टेस्ट पास, लपवलेल्या एकीवर Time Limit Exceeded. लॉजिक बरोबरच आहे, साइटचा सर्व्हर ढिम्म आहे.

ठाणे_पूर्व: हे वाचून राहवलं नाही. तू लवकर थांबतोस म्हणूनच बाकीच्या टेस्टमध्ये सुटलास. त्या एकीत बहुधा जोडीच नाहीये. n दोन लाख असेल तर जवळपास २००० कोटी जोड्या तपासायच्या. पायथन सेकंदाला कोटीभर करेल, म्हणजे अर्धा तास लागेल. आणि लॉजिक बरोबर हे कशावरून? वेळ संपली की प्रोग्राम मारून टाकतात, त्या टेस्टचं उत्तर कुणी बघतच नाही.

कोपरखैरणे_से१५: एवढं भाषण कशाला? सी++मध्ये लिही, सुटेल.

ठाणे_पूर्व: सेकंदाला १०० कोटी धरल्या तरी २० सेकंद होतात. कुठे सुटतंय?

कळव्याची_ताई: आमच्याकडे पावसात नेट रेंगाळतं तेव्हा माझंही असंच होतं. राउटर बदलून बघ.

ठाणे_पूर्व: ताई, कोड त्यांच्या मशीनवर धावतो. नेट गेलं तर निकाल उशिरा दिसेल, बदलणार नाही.

सीवूड्स_कट्टा: खरा राग कॅम्पसच्या परीक्षांचा आहे. एका कंपनीने n ची मर्यादाच दिली नव्हती. माझी एक टेस्ट अडकली आणि मी थेट बाहेर. मुलाखतीत विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुधारून दिलं असतं!

कोपरखैरणे_से१५: आमच्या बॅचलाही तेच. पाठ करून आलेले आत, विचार करणारे ट्रान्स हार्बरने घरी.

ठाणे_पूर्व: विचार करणाऱ्याने मर्यादा विचारायची असते.

सीवूड्स_कट्टा: कुणाला, रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्याला? तुम्ही नोकरीला लागून किती वर्षं झाली, साहेब?

ऐरोली_नाका: भांडा निवांत, पण "एक टेस्ट अडकली म्हणजे पद्धतच चुकीची" हेही सरसकट खरं नाही. सी++च्या `unordered_map`साठी कोडफोर्सेसवर मुद्दाम १०७८९७च्या पटीतले आकडे देतात. सगळे एकाच कप्प्यात पडतात आणि एरवी झटपट होणारं काम रखडतं. तिथे तीच पद्धत `map`वर नेली तरी पुरतं.

ठाणे_पूर्व: मान्य. पण याने पायथनमध्ये दोन लूप लावलेत, तुमचं उदाहरण इथे शोभेचं आहे.

ऐरोली_नाका: मग त्याला मोजू दे. जोडीच नसेल असा इनपुट बनव: सगळे आकडे सम, x विषम. आधी n हजार, मग दोन हजार. वेळ चौपट झाला तर दोन लूपच खातायत. दहा आकड्यांवरच लटकला तर कुठेतरी न संपणारा लूप आहे, ते दुखणं वेगळं.

घणसोली_लोकल: चौपटच झाला, घ्या पेढे. आधी बघितलेले आकडे `set`मध्ये ठेवून एकाच लूपमध्ये केलं, पास झालं. तरी विचारतो, जोडी नसलेलं एक उदाहरण नमुन्यात दिलं असतं तर साइटचं काय गेलं असतं?

सीवूड्स_कट्टा: अगदी! कॅम्पसमध्येही हेच...

ठाणे_पूर्व: झालं परत सुरू.