मदत हवी आहे: काळ्या मातीतनं पाणी वाळूसारखं भसाभसा खाली येतंय

सायली_कोल्हापूर: लेकीला सातवीचा प्रकल्प आहे, कुठली माती किती पाणी धरते आणि कशात मेथी चांगली येते ते बघायचं. पन्हाळ्याच्या वाटेवरची तांबडी माती, शिरोळची काळी आणि बांधकामाची वाळू आणली, बाटल्या कापून तोंडाला फडकं बांधून उलट्या ठेवल्या, प्रत्येकीत २०० ग्रॅम माती घालून वरनं २०० मिली पाणी ओतलं, तर काळ्यातनं दीडशे मिली लगेच खाली! पुस्तकात तर उलटं दिलंय. वहीत काय लिहू?

ऊसवाला: ताई, काळी माती पाणी धरते हे शेंबड्या पोराला पण माहितीय. पुस्तकातलं लिहा आणि मोकळं व्हा.

गच्चीतली_बाग: माझ्या गुलाबाच्या कुंडीत पण असंच होतंय, पाणी घातलं की लगेच भोकातनं बाहेर आणि झाड सुकतंय. कोकोपीट घालू का?

मातीवाले_काका: पुस्तकातलं लिहू नका ओ. तुमचं माप खरंय, पण ते पाणी ढेकळांच्या फटीतनं पळालंय, मातीत मुरलंच नाही. काळी माती वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानात कशा भेगा पडतात बघा की. कुंडीतली माती पण सुकून कडेनं सुटली असणार, कोकोपीट नंतर बघा, आधी कुंडी तासभर पाण्याच्या बादलीत ठेवा.

सायलीताई, नवीन माती घ्या, तिन्ही उन्हात वाळवा, ढेकळं फोडून एकाच चाळणीनं चाळा, बाटली हलकी आपटत भरा. पाणी चमच्याचमच्यानं घाला. काळ्याचं ठिबकणं थांबायला रात्र जाईल, तोवर वरनं झाकण ठेवा नाहीतर पाणी उडून जातं. मग खाली आलेलं पाणी २०० तनं वजा करा. पहिलं माप पण वहीत राहू दे, ढेकळं आणि चाळलेली असं शेजारीशेजारी, बाईंना तेच जास्त आवडेल.

सायली_कोल्हापूर: झालं काका! काळ्यातनं ९२ मिली खाली आलं, तांबडीतनं १२० आणि वाळूतनं १५२. म्हणजे काळ्यानं १०८ धरलं, शंभर ग्रॅमला ५४, आणि वाळूनं २४ च. सकाळपर्यंत टिपटिप चालू होतं. पण मेथी तिन्हीत सारखीच उगवलीय, वाळूत तर आधी वर आली.

मातीवाले_काका: उगवायला बियातलाच साठा पुरतो, माती नुसती ओल देते. खरी पानं फुटली की मग फरक दिसायला लागेल, तोवर "कुठली माती चांगली" असं लिहू नका. आणि पाणी सगळ्यांना सारखं घालू नका, काळ्यात साचून मुळं कुजतील. बोट खुपसून कोरडं लागलं तरच घाला.

सायली_कोल्हापूर: बाईंनी तर रोज सगळ्यांना सारखंच घालायला सांगितलंय, नाहीतर तुलना होत नाही म्हणे.

ऊसवाला: बरोबर हाय बाईंचं. एकाला कमी एकाला जास्त घातलं तर मातीचा फरक कळणार कसा?

मातीवाले_काका: अहो मग काळ्यातली मेथी पिवळी पडली तर तो मातीचा दोष का पाण्याचा, ते कसं सांगणार? जागा असेल तर काळ्याच्या दोन बाटल्या करा, एक बाईंच्या पद्धतीनं आणि एक बोट घालून बघून.

सायली_कोल्हापूर: खिडकीत जागा नाही ओ, आणि सासूबाई आधीच चिडल्यात चिखलावरनं. बघते.