मदत हवी आहे: क्रिएटिन चालू आहे आणि एसजीओटी वाढलंय

पांढरा_रस्सा: नमस्कार मंडळी. वय २८, वजन ७६. राजारामपुरीतल्या जिमला दोन वर्षं जातोय. आठ महिने रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतो, साधं, बिनचवीचं. दारू नाही, इंजेक्शनं नाहीत. शिरोलीच्या एका कंपनीनं नोकरीआधी मेडिकल केलं, त्यात एसजीओटी १३८ आणि एसजीपीटी ७१ आलं. दोन्ही ४० च्या आत पाहिजे म्हणे. बिलिरुबिन ०.८. तिथल्या डॉक्टरांनी लाल पेनानं गोल केला नि म्हणाले, "ते पांढरं पीठ बंद कर, लिव्हर जाईल." आईनं डबा माळ्यावर टाकलाय. वर्षानुवर्षं घेणाऱ्या धडधाकट माणसांवर कुणी अभ्यास केलाय का?

तालीम_सोडलेला: भावा, पावडरीचं खूळ सोड. थंडाई घोट. माझ्या मेव्हण्याला असल्याच डब्यानं कावीळ झाली, दीड महिना अंथरुणावर.

पांढरा_रस्सा: दादा, तो डबा क्रिएटिनचा होता का?

तालीम_सोडलेला: ते काय ठाऊक न्हाई. वजन वाढवायचा होता. लेबल बी नव्हतं त्याला.

डाएट_सोमवारपासून: बिनधास्त घे! क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, म्हणून रिपोर्ट वाढलेला दिसतो. अभ्यासात सगळं क्लीन आहे.

लॅबवाली_ताई: क्रिएटिनिन किडनीच्या रिपोर्टात असतं. क्रिएटिन घेतल्यावर ते थोडं वर जातं हे खरं, पण त्यानं एसजीओटी वाढत नाही. तुमची गल्ली चुकली.

पांढरा_रस्सा, दोन गोष्टी सांगा. रक्त दिलं त्याआधी शेवटचा व्यायाम कधी, आणि कोणता? लिव्हरचं जीजीटी आणि स्नायूंचं सीपीके केलंय का?

पांढरा_रस्सा: गणपतीत पंधरा दिवस जिम बंद होती. रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा गेलो नि जोशात स्क्वॅट्स जास्तच मारले. मंगळवारी सकाळी रक्त दिलं तेव्हा लॅबचा जिना धरून चढलो, एवढ्या मांड्या भरल्या होत्या. जीजीटी २२ आहे. सीपीके नाही केलं.

लॅबवाली_ताई: मग तो जिनाच निम्मं उत्तर आहे. ही दोन्ही एन्झाइम्स फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूंतही असतात, आणि एसजीओटी तिथं भरपूर. स्नायू दुखावले की ती रक्तात उतरतात. स्वीडनमध्ये २००८ साली १५ निरोगी पुरुषांना, ज्यांना वजनं उचलायची सवय नव्हती, तासभर वेट ट्रेनिंग करायला लावलं. दोन्ही आकडे निदान सात दिवस चढलेले राहिले, जीजीटी आणि बिलिरुबिन मात्र जागेवर. तुमचं चित्र तसंच दिसतंय.

दीर्घकाळाचं विचारलंत. अमेरिकेत ९८ कॉलेज फुटबॉल खेळाडूंवर २१ महिन्यांचा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. सुरुवातीचे पाच दिवस १५.७५ ग्रॅम, मग सरासरी ५ ग्रॅम. रक्ताच्या तपासण्यांत घेणारे आणि न घेणारे यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. २००२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात काहीजण साडेपाच वर्षांपर्यंत घेत होते, तिथंही लिव्हरवर परिणाम दिसला नाही.

शंकासूर: ताई, पण त्या ९८ पैकी वर्षाच्या वर घेणारे १७ च होते. २००२ च्या अभ्यासात घेणारे एकूण १०. आणि ज्याला त्रास झाला त्यानं आधीच सोडलं असेल, तो मोजणीत येणारच नाही.

लॅबवाली_ताई: बरोबर. लाखात एखाद्याला होणारा त्रास एवढ्या माणसांत सापडणार नाही. पण या अभ्यासांत क्रिएटिन हळूहळू सगळ्यांचं लिव्हर पोखरतंय असंही दिसत नाही, आणि कंपनीच्या डॉक्टरांचं म्हणणं तसंच काहीसं होतं.

आता करायचं काय? आज-उद्याच सीपीके करा. ते हजारात आलं तर स्नायूंकडे बोट. मग दहा दिवस जिम पूर्ण बंद ठेवून सगळं परत. क्रिएटिनचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. जिम आणि क्रिएटिन दोन्ही एकदम थांबवलं तर आकडे उतरतील, पण कशामुळे उतरले ते कळणार नाही. डोळे पिवळे झाले किंवा लघवी चहासारखी झाली तर मात्र दहा दिवस थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

तालीम_सोडलेला: म्हंजे मेव्हण्याचं कशानं झालं?

लॅबवाली_ताई: लेबलच नसलेल्या डब्यात काय होतं कोण सांगणार? काही डब्यांत चोरून स्टेरॉइड घातलेलं असतं, त्यानं कावीळ होऊ शकते.

पांढरा_रस्सा: *(बारा दिवसांनी)* सीपीके २,३४० आलं होतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्यानं क्रिएटिन चालू ठेवलं, जिम दहा दिवस बंद. आज एसजीओटी ३१, पण एसजीपीटी ५२ वरच अडलंय.

लॅबवाली_ताई: एसजीओटी लवकर उतरतं, एसजीपीटी रेंगाळतं. तरी ५२ माझ्या मनाला पटत नाही. पोटाचा घेर किती? फॅटी लिव्हर बघून घ्या.

डाएट_सोमवारपासून: ७६ किलोला कसला फॅटी लिव्हर!

पांढरा_रस्सा: घेर ३७ इंच. गणपतीत मोदक आणि मटण दोन्ही झालं, खोटं कशाला बोलू. सोनोग्राफी सोमवारी आहे. डबा मी माळ्यावरनं काढला होता, आईनं परत टाकला.